नानांचा डावा डोळा: चष्म्यावरच्या ग्लेअरखाली हरवलेला डोळा पुन्हा उभा करण्याचे एक प्रकरण

(कुटुंबाची, स्टुडिओची आणि गावाची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. या लेखात डावा आणि उजवा म्हणजे फोटोतल्या माणसाचा डावा-उजवा, बघणाऱ्याचा नव्हे.)

पार्श्वभूमी

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातले निवृत्त मुख्याध्यापक वारले. वय पंचाहत्तरीच्या पुढे. घरात आणि गावात त्यांना नाना म्हणत. दशक्रिया आणि गंधमुक्तीच्या आधी १६ बाय २० इंचाचा फोटो फ्रेम करून हवा, म्हणून थोरला मुलगा धुळ्यातल्या एका स्टुडिओत आला. त्याने आणलेला फोटो मे महिन्यातल्या पुतण्याच्या लग्नातला होता. डोक्यावर फेटा, अंगात पांढरा सदरा, मान जरा उजवीकडे वळलेली आणि नवरदेवाकडे बघताना चेहऱ्यावर आलेलं हसू. घरच्यांचा हट्ट याच फोटोचा होता, कारण आजारपणानंतरच्या बाकी सगळ्या फोटोंत नाना थकलेले दिसत होते.

फोटोचा दर्जा चांगला होता. २४ मेगापिक्सेलची जेपीजी फाईल, आयएसओ १६००. डोकं आणि खांदे येतील असा उभा क्रॉप घेतला तर २४०० बाय ३००० पिक्सेल मिळत होते. म्हणजे १६ बाय २० ला दर इंची १५० पिक्सेल, भिंतीवरच्या फोटोला पुरेसे. या मापात छापल्यावर नानांचं बुबुळ सुमारे ९ मिलिमीटरचं होणार होतं, खऱ्या बुबुळाच्या जवळपास पाऊणपट. पासपोर्ट आकारात जे खपून जातं ते इथे खपणार नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

मांडवात व्हिडिओवाल्याचा एलईडी लाईट नानांच्या डाव्या हाताला, जवळजवळ डोळ्यांच्याच उंचीवर होता. त्याच बाजूला मांडवाचं तोंड उघडं होतं आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. चष्म्याच्या काचांना ग्लेअर कमी करणारं कोटिंग होतं. असं कोटिंग परावर्तन पूर्ण थांबवत नाही. जे उरतं ते हिरवट किंवा जांभळट दिसतं, आणि समोर प्रखर दिवा असला की ते उरलेलंही फार होतं.

उजव्या काचेवर हिरवट, धुरकट पडदा होता, पण त्याआडून डोळा दिसत होता. डाव्या काचेवर मात्र बुबुळाच्या मध्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पांढरा पट्टा होता. तिथे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही चॅनलचे आकडे कमाल, २५५, म्हणजे फाईलमध्ये तिथे काहीच नोंदलेलं नाही. पट्ट्याभोवती हिरवी कड होती. वरच्या पापणीची रेघ आणि नाकाकडचा आतला कोपरा शाबूत होता.

एकाच फोटोत हे दोन वेगळे रोग होते आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. धुरकट पडद्याखाली माहिती असते, ती वर काढता येते. जळालेल्या, म्हणजे पूर्ण पांढऱ्या पडलेल्या भागात ती नसते, तिथे दुसरीकडून आणावी लागते. पडद्यावर सरसकट क्लोन ब्रश फिरवला तर हातात असलेला खरा डोळा पुसला जातो. आणि जळालेल्या भागात हायलाईट कितीही खाली ओढले तरी पांढऱ्याचा फक्त राखाडी होतो.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

स्टुडिओतल्या ऑपरेटरने वेळ कमी म्हणून नेहमीचा मार्ग धरला. उजवा डोळा कापायचा, आडवा उलटवायचा आणि डाव्या जागी बसवायचा. चेहरा अगदी समोर आणि नजर थेट कॅमेऱ्यात असेल तर छोट्या फोटोत हे चालून जातं. इथे नाना उजवीकडे बघत होते, त्यामुळे उजवं बुबुळ कानाकडे सरकलेलं होतं. उलटवल्यावर डावं बुबुळही कानाकडे गेलं आणि दोन डोळे दोन दिशांना बघू लागले. ऑपरेटरने ते ओळखलं आणि बुबुळ नाकाकडे सरकवलं. डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकाही उलट बाजूला गेला होता, तोही जागेवर आणला. कागदावर चूक दाखवता येणार नाही असा डोळा तयार झाला.

मुलाला तो पसंत पडला. घरी आईला दाखवला तेव्हा त्यांनी क्षणात सांगितलं, "हाऊ डोया त्यास्ना नही शे."

त्यांचं बरोबर होतं. नानांची डावी पापणी उजवीपेक्षा खाली उतरलेली होती. उलटवलेल्या डोळ्यामुळे दोन्ही डोळे सारखे उघडे झाले आणि चेहरा नानांसारखा, पण नाना नसलेला झाला. दोन डोळे हुबेहूब सारखे असणारा माणूस विरळाच. वयाबरोबर पापणीतला फरक वाढत जातो आणि रोज तो चेहरा बघणारा माणूस त्या फरकावरूनच ओळख ठेवतो. उलटवलेल्या डोळ्याने एक पुरावाही झाकला होता, तो पुढे कामाला आला.

पुन्हा विचार: कोणते पर्याय होते

मुलाने दुसरा फोटो निवडावा, हे सुचवून पाहिलं. घरच्यांनी नकार दिला आणि तो रास्त होता. चष्माच काढून टाकावा, हाही विचार झाला. पण नानांना बिनचष्म्याचं गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. शिवाय फ्रेमची सावली, नाकावरचे टेकू, काचेतून आत सरकलेली गालाची कड असं सगळं नव्याने रंगवावं लागलं असतं. एका डोळ्याच्या कामाचं अख्ख्या चेहऱ्याचं काम झालं असतं.

मूळ रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली फाईल, मागितली. फोटोग्राफरने लग्न जेपीजीतच टिपलेलं होतं. पण त्याच्याकडे त्या विधीचे बाकीचे शॉट होते, आणि ते मागवणं हा या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय ठरला. ग्राहक एकच आवडलेला फोटो घेऊन येतो. त्याच्या मागचे-पुढचे, डोळे मिटलेले, हललेले शॉट अल्बममध्ये जात नाहीत म्हणून कोणाला आठवत नाहीत. रिटचिंगला मात्र तेच लागतात, कारण त्यांत चष्मा, दिवा आणि वय तेच असतं.

हाती आले त्यातले दोन फोटो उपयोगाचे होते. एक त्याच मांडवातला, जरा नंतरचा. नाना ताटाकडे बघत होते, मान खाली झुकल्यामुळे ग्लेअर काचेच्या वरच्या कडेला सरकलं होतं आणि डावा डोळा पूर्ण मोकळा होता. दुसरा घरी मोबाईलवर काढलेला, चष्म्याशिवाय, अगदी समोरून. मोबाईलचा जास्त रेखीव होता, म्हणून ऑपरेटरचा कल त्याच्याकडे होता.

तो न वापरण्याचं कारण चष्म्याच्या नंबरात होतं. घरात नेत्रतपासणीचं कार्ड सापडलं. दोन्ही डोळ्यांचा लांबचा नंबर उणे ४. उणे नंबरच्या काचेआड डोळा लहान दिसतो, आणि उणे ४ ला हा फरक साधारण पाच टक्के असतो. बिनचष्म्याचा डोळा तसाच बसवला असता तर डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा, बाहेर आल्यासारखा दिसला असता. अधिक नंबर असता तर उलट झालं असतं. माप ९५ टक्क्यांवर आणता आलं असतं, पण मोबाईलच्या फोटोत उजेड खिडकीचा होता आणि पापण्यांवर फ्रेमची सावली नव्हती. म्हणून ठरलं ते असं: पापण्या आणि डोळ्याचा पांढरा भाग मांडवातल्या दुसऱ्या शॉटमधून घ्यायचा, बुबुळ मूळ फोटोतल्याच उजव्या डोळ्यातून घ्यायचं आणि मोबाईलचा फोटो फक्त ताडून बघायला समोर ठेवायचा.

काम कसं झालं

*आधी उजव्या काचेवरचा पडदा.* परावर्तनाचा उजेड डोळ्याच्या उजेडात मिसळतो. म्हणून सगळ्यात जास्त बिघाड काळ्या जागी दिसतो, बाहुली राखाडी होते. उजव्या बाहुलीचे आकडे होते लाल ५८, हिरवा ९६, निळा ७४. मांडवातल्या दुसऱ्या शॉटमध्ये मोकळी बाहुली अनुक्रमे २४, २१, २० दाखवत होती. कर्व्ह्‌जच्या लेयरवर प्रत्येक चॅनलचा काळा बिंदू वेगळा सरकवला. लाल ३८ वर, हिरवा ८२ वर, निळा ५९ वर. एवढ्याने बाहुली त्या आकड्यांवर आली आणि हिरवट झाकही गेली. तिन्ही चॅनल एकत्र ओढले असते तर काळा नीट झाला असता, पण हिरवा रंग तसाच राहिला असता.

यात एक बारकावा आहे. जेपीजीतले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे काळा बिंदू असा सरकवला की मधल्या छटा गरजेपेक्षा जास्त खाली जातात. काचेआडची त्वचा गालापेक्षा काळवंडली तर ते यामुळे. कर्व्ह मध्यभागी किंचित वर उचलून काचेच्या आतली आणि लगेच बाहेरची त्वचा जुळवून घेतली. मास्कची कड मऊ ठेवली, कारण पडद्याची कडही मऊच होती.

*मग डाव्या डोळ्यातला पुरावा.* चॅनल एकेक करून बघितल्यावर लाल चॅनलमध्ये जळालेला पट्टा सर्वांत अरुंद दिसला. हिरवा चॅनल जिथे २५५ ला टेकला होता तिथेही लालमध्ये अजून छटा होत्या. त्यात बुबुळाच्या नाकाकडच्या कडेची चंद्रकोर स्पष्ट दिसत होती. पहिल्या प्रयत्नात हीच झाकली गेली होती. उजवं बुबुळ ५३ पिक्सेल व्यासाचं होतं. तेवढंच वर्तुळ घेऊन त्या चंद्रकोरीवर बसवलं की डावं बुबुळ त्या क्षणी नेमकं कुठे होतं ते ठरलं. नजरेची दिशा अंदाजाने ठरवायची गरजच उरली नाही. या मापात दोन पिक्सेलची चूक म्हणजे नजरेत साधारण दोन अंशांचा फरक. मोठ्या छपाईत तेवढ्यानेही डोळा तिरळा वाटायला लागतो.

*पापण्या बसवणं.* दुसऱ्या शॉटमध्ये चेहरा लहान होता, तो १२० टक्के मोठा करावा लागला. जुळवणीसाठी चष्म्याची फ्रेम धरली नाही, कारण चष्मा घामाने नाकावरून घसरतो आणि दोन शॉटमध्ये एकाच जागी नसतो. डोळ्याचा आतला कोपरा आणि भुवईची शेपटी हे दोन बिंदू धरले. दोन्ही फोटोंत ते दिसत होते आणि चष्म्यासारखे जागा सोडत नाहीत. चेहऱ्याचं वळण थोडं वेगळं असल्यामुळे रुंदी तीन टक्के ताणली. याहून जास्त ताण लागला असता तर तो शॉट सोडून देणंच योग्य होतं, कारण ताणल्यावर पापणीच्या सुरकुत्या खोट्या दिसतात.

खरी अडचण नजरेची होती. खाली बघताना बुबुळाबरोबर वरची पापणीही खाली येते. नुसतं बुबुळ वर सरकवलं आणि पापणी तिथेच ठेवली तर माणूस पेंगुळलेला दिसतो. सुदैवाने मूळ फोटोत वरच्या पापणीची रेघ शाबूत होती. ती प्रमाण मानून दुसऱ्या शॉटमधली पापणी वॉर्पने तिच्यापर्यंत उचलली आणि जिथे मूळ रेघ दिसत होती तिथे मूळच ठेवली. खालची पापणी जशीच्या तशी राहिली. मग मोबाईलच्या फोटोशी ताडून बघितलं: उजवी पापणी बुबुळाचा वरचा साधारण आठवा भाग झाकते, डावी जवळपास चौथा. नव्या डोळ्यात हेच प्रमाण आलं. असं ताडताना पिक्सेल मोजायचे नाहीत, प्रमाण मोजायचं, कारण दोन फोटोंची मापं वेगळी असतात.

*बुबुळ.* उजवं बुबुळ न उलटवता उचललं. त्यामुळे प्रकाशाचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला राहिला आणि म्हातारपणी बुबुळाच्या काठावर येते ती फिकट कडीही जशीच्या तशी आली. कड एक-दीड पिक्सेल मऊ केली. बुबुळ आणि पांढरा भाग यांच्यामधली रेघ कातरल्यासारखी दिसली की डोळा काचेचा वाटतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर आणि पांढऱ्या भागावर वेगळ्या लेयरने मल्टिप्लायमध्ये पाडली. पांढरा भाग पांढरा केला नाही. आकडे साधारण १६८, १५२, १४३ होते, म्हणजे मळकट गुलाबी, कोपऱ्याकडे आणखी गडद. नवशिके इथे हात सैल सोडतात आणि शांत माणूस डोळे वटारून बघायला लागतो.

*काच परत आणणं.* सगळं ग्लेअर पुसलं तेव्हा चष्म्याची रिकामी फ्रेम घातल्यासारखं दिसू लागलं. म्हणून वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात, डोळ्यापासून दूर, मूळ ग्लेअर ३५ टक्के परत आणलं आणि उजव्या काचेवरही अगदी पुसट ठेवलं. नानांचा चष्मा बायफोकल होता. खालच्या भिंगाची आडवी रेघ जळालेल्या पट्ट्यात तुटली होती, ती दुसऱ्या शॉटमधून घेऊन जोडली. कानाकडे काचेतून आत सरकलेली गालाची कड मात्र कोणी सरळ करू नये. ती चूक नाही, उणे नंबरची खूण आहे.

*शेवटी दाणे.* मोठा करून आणलेला आणि ब्रश फिरलेला भाग गुळगुळीत होता, बाकी फोटोत आयएसओ १६०० चे दाणे होते. पन्नास टक्के राखाडी लेयर ओव्हरलेमध्ये घेऊन त्यावर तीन टक्के गॉसियन नॉइज टाकला आणि तो अर्धा पिक्सेल ब्लर केला. जेपीजीतले दाणे पिक्सेलएवढे बारीक नसतात, म्हणून हा ब्लर लागतो. नंतर २०० टक्क्यांवर एकेक चॅनल बघितला. जोड डोळ्याला दिसला नाही तरी निळ्या चॅनलमध्ये हमखास दिसतो.

निकाल

पूर्ण फोटो छापण्याआधी फक्त डोळ्यांचा पट्टा अंतिम मापात ४ बाय ६ च्या कागदावर काढला. ६०० बाय ९०० पिक्सेलमध्ये दोन्ही डोळे, चष्मा आणि भुवया बसतात. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो. स्क्रीनवर बरोबर वाटलेली पापणीची सावली कागदावर जड झाली होती, ती थोडी हलकी केली. मग दुसरी प्रिंट घरी पाठवली. या वेळी आधी आईंना दाखवली. त्यांनी ट्यूबलाईटखाली हात लांब करून बघितली आणि म्हणाल्या, "आते बरोबर शे."

नातवाने उजवा डोळा आधीपेक्षा गडद दिसतो असं सांगितलं. त्याला मोबाईलवरचा धुरकट फोटो बघायची सवय झाली होती, त्यामुळे तो फरक तसाच ठेवला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला प्रयत्न टाळता आला असता. ऑर्डर घेतानाच आसपासचे सगळे शॉट, चष्म्याचा नंबर आणि चष्म्याशिवायचा एक फोटो मागितला असता तर उलटवलेल्या डोळ्याचा प्रश्नच आला नसता. चॅनल एकेक करून बघणं हे काम ब्रश हातात घेण्याआधीचं आहे. आणि मंजुरी घ्यायची ती ज्याने तो चेहरा सर्वांत जास्त बघितला त्याच्याकडून. पैसे देणारा बहुतेकदा वेगळा असतो.

काही प्रकरणांत हा मार्ग नाही. दोन्ही काचा पूर्ण जळालेल्या असतील तर नजरेचा आणि बुबुळाचा आधारच जातो. मग दुसऱ्या शॉटमधून दोन्ही डोळे एकत्र, त्यांच्यामधलं अंतर न बदलता आणावे लागतात. चेहऱ्याचं वळण दहा-पंधरा अंशांहून वेगळं असेल तर तेही जमत नाही. अशा वेळी ग्लेअर थोडं उतरवून तसंच ठेवावं. परका डोळा बसवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

लग्नाच्या फोटोग्राफरच्या हातातही बरंच होतं. काच पाच अंश झुकली की परावर्तन दहा अंश सरकतं. चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचलल्या तरी काच खाली झुकते आणि समोरच्या दिव्याचं ग्लेअर डोळ्यावरून उतरतं. व्हिडिओवाल्याला लाईट दोन फूट वर घ्यायला सांगणं हेही मांडवात शक्य असतं. तेवढं जमलं नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक जादा शॉट मान किंचित खाली घेऊन काढून ठेवावा आणि नको वाटला तरी डिलीट करू नये.

मुलाने नंतर त्याच फोटोतून कागदपत्रांसाठी पासपोर्ट आकाराच्या प्रती मागितल्या. स्टुडिओने त्या मोबाईलच्या, न बदललेल्या फोटोवरून काढून दिल्या. डोळा नव्याने उभा केलेला फोटो भिंतीसाठी योग्य आहे, ओळखपत्रासाठी नाही. मूळ जेपीजी आणि लेयरची फाईल दोन्ही पेनड्राईव्हवर कुटुंबाला दिल्या. फाईलमध्ये डाव्या डोळ्याच्या लेयरना कुठल्या फोटोतून काय घेतलं त्याची नावं आहेत, म्हणजे उद्या धाकट्या भावाला मोठी प्रत हवी झाली तर पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागणार नाही.